प्रकाश निघाला तेव्हाची दीर्घिका

नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास गावातल्या दिव्यांपासून लांब जाऊन उघड्यावर उभे राहा. भाद्रपदांचा मोठा चौकोन जवळजवळ माथ्यावर, किंचित पश्चिमेला कललेला दिसेल. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून तसेच ईशान्येकडे निघाले की आधी एक मंद तारा लागतो, मग एक ठळक. त्या ठळक ताऱ्यापाशी थांबायचे आणि शर्मिष्ठेच्या दिशेने वळायचे. वाटेत दोन फिके तारे येतात. दुसऱ्या ताऱ्याच्या शेजारी काचेवर बोट टेकल्यावर राहतो तसा एक धूसर डाग आहे. थेट रोखून पाहिले तर तो विरतो, नजर थोडी बाजूला नेली की पुन्हा दिसतो. हीच देवयानी दीर्घिका. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारी ही बहुधा सर्वांत दूरची वस्तू.

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हा डाग दाखवला आणि तो २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे असे सांगितले, की कुणीतरी विचारतेच, "म्हणजे आपण पाहतोय ती २५ लाख वर्षांपूर्वीची? मग आत्ता ती तिथे आहे की नाही?"

प्रश्न अगदी नेमका आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. चंद्रावरून इथे यायला त्याला सव्वा सेकंद लागतो, सूर्यावरून ८ मिनिटे २० सेकंद. वर्षभरात तो जेवढे अंतर कापतो त्याला प्रकाशवर्ष म्हणायचे. देवयानीचा जो प्रकाश आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरला तो २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघाला. तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. आपली जात जेमतेम ३ लाख वर्षांची. प्रकाश निघाल्यापासून आपल्यापर्यंत पोचेपर्यंत गेलेल्या या काळाला खगोलशास्त्रज्ञ लुकबॅक टाइम म्हणतात. आपण त्याला मागला काळ म्हणू.

आता 'ती तिथे आहे का' याचे उत्तर. आहे, आणि जवळजवळ अशीच आहे. आकाशातले निम्मे तारे कधीच मेलेले आहेत, आपण त्यांची भुते पाहतो, असे वाक्य अनेकदा कानावर पडते. ते चुकीचे आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे काहीशे ते दोन-चार हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि ताऱ्यांचे आयुष्य कोटी-कोटी वर्षांचे असते. दीर्घिकेसाठी तर २५ लाख वर्षे म्हणजे काहीच नाहीत. आपला सूर्य आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी पूर्ण करायला बावीस-तेवीस कोटी वर्षे घेतो. देवयानीच्या चाकाची गतीही साधारण याच मापातली. प्रकाश वाटेत असताना तिथले चाक फेरीच्या शंभराव्या हिश्शाएवढे फिरले असेल. काही अतिप्रचंड, अल्पायुषी तारे या काळात फुटून संपले असतील आणि नवे पेटले असतील, एवढाच फरक.

या डागात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. देवयानी म्हणजे एक तबकडी आहे आणि ती आपल्याला बरीचशी कडेने, तिरकी दिसते. तिचा अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ यांच्यात लाखाहून अधिक प्रकाशवर्षांचे अंतर आहे. दोन्ही काठांचा प्रकाश आपल्याकडे एकाच क्षणी पोचतो, याचा अर्थ पलीकडच्या काठाचा प्रकाश लाखभर वर्षे आधी निघाला होता. देवयानीचे जे सुंदर छायाचित्र आपण पुस्तकांत पाहतो ते कुठल्याच एका क्षणाचे नाही. त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाखभर वर्षे पसरलेली आहेत.

पण हे २५ लाख आले कुठून? प्रकाशावर त्याच्या निघण्याची तारीख लिहिलेली नसते. मागला काळ घड्याळ लावून मोजलेला नसतो, तो हिशोबाने काढलेला असतो. देवयानीच्या बाबतीत तो हिशोब एका ताऱ्यापासून सुरू झाला. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचेच्या प्लेटवर देवयानीत एक ठिपका सापडला. तो सुमारे ३१ दिवसांच्या चक्रात उजळत आणि मंदावत होता. अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. चक्र जितके मोठे तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, हा त्यांचा नियम हेन्रिएटा लेविट यांनी आधीच शोधला होता. मुळात किती तेजस्वी आहे ते कळले आणि इथून किती मंद दिसतो ते मोजले की अंतर निघते. हबलना ते सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे मिळाले.

म्हणजे त्या काळच्या लेखकाने देवयानीबद्दल लिहिताना ९ लाख वर्षांपूर्वीचे दृश्य असेच लिहिले असते. पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवून दिले की सेफीड ताऱ्यांचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि आतापर्यंत एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावली जात होती. त्या एका दुरुस्तीने अंतर दुपटीने वाढले आणि पुढच्या मोजण्यांनी ते २५ लाखांवर स्थिरावले. देवयानीचा प्रकाश होता तोच राहिला, त्याचे वय मात्र आमच्या वहीत बदलत गेले. मागल्या काळाचा कोणताही आकडा वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. तो आपण वापरलेल्या मोजपट्टीइतकाच पक्का असतो.

देवयानीचा हिशोब तरी सरळ आहे. २५ लाख प्रकाशवर्षे, म्हणून २५ लाख वर्षे. खरे तर या काळात ती जागची हललीही आहे. आपली आकाशगंगा आणि देवयानी एकमेकींकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने येत आहेत. २५ लाख वर्षांत त्या वेगाने साधारण ९०० प्रकाशवर्षे अंतर कमी झाले. २५ लाखांत ९०० म्हणजे नगण्य, म्हणून आपण ते सोडून देतो. दूरच्या दीर्घिकांबाबत हा फरक सोडून देता येत नाही.

यासाठी आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. नाशिक रस्त्याने जाणाऱ्यांनी त्यातली एखादी तरी पाहिली असेल. या दुर्बिणीतून अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांना एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजन वायूचा रेडिओ संकेत सापडला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची बातमी सगळीकडे झळकली. हायड्रोजनचा हा संकेत इतका क्षीण असतो की एवढ्या लांबून तो ऐकू येण्याची आशा सहसा धरू नये. इथे निसर्गाने मदत केली. वाटेत दुसरी एक दीर्घिका अगदी समोर आली होती आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून हा संकेत सुमारे ३० पट मोठा केला.

आता हिशोब पाहू. हायड्रोजनचा साधा अणू जो रेडिओ संकेत सोडतो त्याची तरंगलांबी २१ सेंटिमीटर असते. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत मोजा, आकाशगंगेत मोजा, ती २१च येते. खोडदला जो संकेत मिळाला त्याची तरंगलांबी मात्र ४८ सेंटिमीटर होती. ४८ ला २१ ने भागले की सुमारे २.२९ येतात. प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत होते आणि ज्या अवकाशातून तो येत होता ते ताणले गेल्याने त्याची लाटही ताणली गेली. दृश्य प्रकाश असा ताणला गेला की तांबड्या रंगाकडे सरकतो, म्हणून याला ताम्रसृती म्हणतात. २.२९ या आकड्याचा अर्थ साधा आहे. तो संकेत निघाला तेव्हापासून आजपर्यंत दीर्घिकांमधली अंतरे २.२९ पट झाली. उलट बाजूने म्हणायचे तर तेव्हाचे विश्व आजच्या ४४ टक्के होते.

एवढेच मोजलेले असते. वर्षे यात कुठेच नाहीत. ४४ टक्क्यांवरून वर्षे काढायची तर विश्व कोणत्या काळात किती वेगाने वाढले ते माहीत हवे. अंगणवाडीत मुलांच्या वाढीचा तक्ता असतो. एखाद्या मुलाचा जुना फोटो सापडला आणि त्यात त्याची उंची आजच्या निम्मी दिसली, तर त्या तक्त्यावरून तेव्हाचे वय सांगता येते. मूल दरवर्षी सारखे वाढत नाही, म्हणून नुसता त्रैराशिक मांडून चालत नाही, तक्ताच लागतो. विश्वही सुरुवातीला फार वेगाने पसरले, मग त्यातल्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने तो वेग मंदावला आणि गेली काही शे कोटी वर्षे तो पुन्हा वाढतो आहे. महास्फोटानंतर उरलेल्या क्षीण प्रारणाची प्लँक उपग्रहाने केलेली मोजणी, दूरच्या ताऱ्यांचे स्फोट, दीर्घिकांची मांडणी अशा अनेक पुराव्यांवरून विश्वाच्या वाढीचा तक्ता तयार झाला आहे. त्यात २.२९ घातले की उत्तर येते ८८० कोटी वर्षे. विश्वाचे आजचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, म्हणजे तो संकेत निघाला तेव्हा विश्व अवघे ५०० कोटी वर्षांचे होते. तो संकेत जवळजवळ निम्मी वाट चालून आला तेव्हा आपला सूर्य आणि पृथ्वी जन्माला येत होती.

हा तक्ता अजून पुरता पक्का नाही. आज विश्व किती वेगाने पसरते आहे याची दोन प्रकारे केलेली मोजमापे जुळत नाहीत. एक पद्धत ६७ म्हणते, दुसरी ७३. तक्त्यातले बाकी सारे तसेच ठेवून ६७ च्या जागी ७३ घातले तर ८८० चे सुमारे ८१० होतात. २.२९ मात्र जागचे हलत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञ आपापसात बोलताना वर्षे वापरत नाहीत, ताम्रसृतीचा आकडाच सांगतात. वर्षे ते तुमच्या-माझ्यासाठी काढून देतात.

आता सर्वांत अधिक गोंधळ होतो तो भाग. ही दीर्घिका किती दूर आहे? बातम्यांत छापून आले, ८८० कोटी प्रकाशवर्षे. देवयानीच्या हिशोबाने ते बरोबर वाटते, पण ते चूक आहे. संकेत निघाला त्या वेळी ती दीर्घिका आपल्यापासून सुमारे ५८० कोटी प्रकाशवर्षांवर होती. आज ती साधारण १३३० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. आणि प्रवासाला लागली ८८० कोटी वर्षे.

सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मुंगी. मुंगी तुमच्याकडे ठरावीक वेगाने चालू लागते आणि त्याच वेळी कुणीतरी पट्टी हळूहळू ताणू लागते. मुंगी निघाली तेव्हा पट्टी हातभर होती, पण तिच्यापुढचे रबर ताणले जात असल्याने तिला हातभरापेक्षा जास्त चालावे लागते. तशीच ती चालून आलेली पट्टी तिच्या मागेही ताणली जात राहते. ती पोचेल तेव्हा पट्टीची पूर्ण लांबी तिने प्रत्यक्ष चाललेल्या अंतराहून जास्त भरते. निघतानाची लांबी, चाल आणि पोचतानाची लांबी, असे तीन आकडे होतात आणि तिन्ही खरे असतात. ५८०, ८८० आणि १३३० हे तसेच तीन आकडे आहेत. आकाशात काही हजार किंवा काही लाख प्रकाशवर्षांवर पाहायचे असते तेव्हा ताण नगण्य असतो आणि तिन्ही आकडे एकच होऊन जातात. एवढ्या दूर गेल्यावर मात्र कोणता आकडा म्हणतो आहोत ते सांगावेच लागते.

हाच हिशोब आणखी मागे नेला की मला फार विलक्षण वाटणारी एक गोष्ट समोर येते. जेम्स वेब दुर्बिणीने जेड्स-जीएस-झेड१४-० या नावाची दीर्घिका शोधली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वर्णपटावरून तिची लाट १५.३ पट ताणलेली वाटली. पण तो अंदाज रंगपट्टीच्या एका पुसट कडेवरून केलेला होता. पुढे चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने तिच्यातल्या प्राणवायूची एक ठळक रेषा पकडली. मुळात ०.०८८ मिलिमीटरची ती लाट १.३४ मिलिमीटर होऊन आली होती आणि नेमका ताण १५.१८ पट निघाला. तक्त्याप्रमाणे तो प्रकाश सुमारे १३५० कोटी वर्षांपूर्वीचा, विश्व जेमतेम २९ कोटी वर्षांचे असतानाचा.

प्रकाश निघाला तेव्हा ती दीर्घिका किती लांब होती? फक्त २२० कोटी प्रकाशवर्षे. खोडदच्या दीर्घिकेपेक्षा निम्म्याहून कमी! आज ती ३३०० कोटींच्याही पलीकडे आहे. त्या काळी विश्व इतक्या वेगाने पसरत होते की आपल्याकडे निघालेला तो प्रकाश आधी आपल्यापासून दूरच वाहून गेला, पुराच्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध पोहणारा माणूस मागेमागे जातो तसा. २२० कोटी प्रकाशवर्षांवरून निघून तो ५८० कोटींपर्यंत लांब गेला, तेव्हा कुठे प्रसरण पुरेसे मंदावले आणि तो खऱ्या अर्थाने आपल्या जवळ येऊ लागला. आणि ज्या वेळी खोडदच्या दीर्घिकेतून तिचा रेडिओ संकेत निघाला, त्या वेळी हा जुना प्रकाशही आपल्यापासून तेवढ्याच अंतरावर होता, ५८० कोटी प्रकाशवर्षांवर. एक ४६० कोटी वर्षे वाट चालून तिथे आलेला, दुसरा नुकताच निघणारा. आकाशाच्या वेगवेगळ्या दिशांनी, पण आपल्यापासून सतत सारख्या अंतरावर राहून, दोघांनी पुढची ८८० कोटी वर्षे काढली.

या हिशोबात चूक कुठे होते तेही सांगितले पाहिजे. २०२२ मध्ये जेम्स वेबच्या छायाचित्रांत सीअर्स-९३३१६ नावाचा एक लालसर ठिपका सापडला आणि त्याच्या रंगांवरून लाट १७ पटींहून अधिक ताणलेली असावी असे वाटले. तसे असते तर ती महास्फोटानंतर पंचवीसेक कोटी वर्षांच्या आतली दीर्घिका ठरली असती. २०२३ मध्ये तिचा वर्णपट घेतला तेव्हा ताण निघाला ५.९ पट. म्हणजे ती महास्फोटानंतर सुमारे १२० कोटी वर्षांनंतरची होती. धुळीमुळे आणि वायूच्या तेजस्वी रेषांमुळे तिचे रंग नेमके फसवे झाले होते. नुसता लाल रंग पाहून मागला काळ ठरवता येत नाही. ओळखीची रेषा सापडावी लागते, शक्य तर एकाहून अधिक. खोडदच्या बाबतीत ती खात्री आधीच होती. त्या दीर्घिकेची ताम्रसृती दृश्य प्रकाशाच्या वर्णपटावरून पूर्वीच कळलेली होती, म्हणून हायड्रोजनची रेषा नेमकी कुठे शोधायची ते माहीत होते आणि ती तिथेच सापडली.

मागल्या काळाची एक मर्यादा कोणत्याही दुर्बिणीने ओलांडता येणार नाही. प्रत्येक दीर्घिका आपल्याला तिच्या आयुष्यातल्या एकाच टप्प्यावर दिसते. खोडदला सापडलेली दीर्घिका पुढे कशी झाली, तिच्यातला वायू संपला की तिला दुसरी येऊन धडकली, हे पाहण्याची सोय नाही. आपली आकाशगंगा लहानपणी कशी होती तेही थेट दिसत नाही. दीर्घिका कशा घडल्या हे सांगताना शास्त्रज्ञ वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या दीर्घिका शेजारी मांडतात. एखाद्या गावात एकाच दिवशी फिरून तान्ही मुले, तरुण आणि म्हातारी माणसे पाहावीत आणि त्यावरून माणूस कसा वाढतो ते ओळखावे, तसे. पद्धत चांगली आहे, पण तान्हे आणि म्हातारे एकाच घरातले आहेत असे धरून चालता येत नाही.

पुढच्या वेळी वर्तमानपत्रात अतिदूरच्या दीर्घिकेची बातमी आली तर तिच्यातला एक शब्द तपासा. 'इतक्या कोटी वर्षांपूर्वीचा प्रकाश' असे लिहिले असेल तर ते बरोबर आहे. तोच आकडा घेऊन 'इतकी कोटी प्रकाशवर्षे दूर' असे लिहिले असेल तर ते चूक आहे आणि संपादकांना तसे कळवायला हरकत नाही. देवयानीपुरते मात्र दोन्ही चालते. तिथे २५ लाख प्रकाशवर्षे म्हणजे २५ लाख वर्षेच, आणि नोव्हेंबरात ती पाहायला दुर्बीणही लागत नाही.